सहा दाते, १३,८४० जनुकं: रिव्ह्यूअरना उत्तर लिहितानाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

जर्नलकडून पत्र आलं. 'मेजर रिव्हिजन', दोन रिव्ह्यूअर, मुदत तीन महिन्यांची. बाकीच्या सूचना किरकोळ आहेत, पण दोन मुद्द्यांवर पेपर अडला आहे. पहिल्या रिव्ह्यूअरचं म्हणणं: नमुनासंख्या फार कमी आहे, पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता, किती मिळाली ते निकालांवरून काढून दाखवा. दुसऱ्याचं म्हणणं: इतक्या जनुकांची चाचणी केल्यावर बॉनफेरोनी का लावलं नाही? शिवाय दोन वेळांच्या तुलना वेगवेगळ्या का दुरुस्त केल्या?

पुढच्या नोंदी कळाव्यात म्हणून आमचा प्रयोग थोडक्यात. सहा दात्यांच्या पेशी घेतल्या. प्रत्येक दात्याच्या पेशींचा एक भाग औषधासह आणि एक भाग नुसत्या द्रावकासह वाढवला, आणि ६ तासांनी व २४ तासांनी आरएनए काढला. दर दात्यामागे चार नमुने, एकूण २४. कमी वाचनांची जनुकं गाळल्यावर १३,८४० उरली. विश्लेषण `DESeq2` मध्ये, दाता मॉडेलमध्ये धरून. बेंजामिनी-हॉखबर्ग पद्धतीने एफडीआर, म्हणजे यादीतल्या खोट्या जनुकांचं अपेक्षित प्रमाण, ५ टक्के ठेवला, तेव्हा २४ तासांना २१२ जनुकं मिळाली आणि ६ तासांना ९.

मॅडमशी बोलणं झालं. त्यांनी एकच सांगितलं: "आधी ठरव, आपण सहा या आकड्याचा बचाव करतोय की पेपरमधल्या दाव्यांचा. सहाचा बचाव होणार नाही. सहावर जेवढे दावे उभे राहतात तेवढ्यांचा होईल." उत्तराची बांधणी याच्यावरच करणार आहे.

५ फेब्रुवारी

पहिल्या रिव्ह्यूअरने मागितलेली पॉवर काढून बघितली आणि ती न द्यायचं ठरवलं. कारण नीट लिहून ठेवतो, कारण ही मागणी जवळपास प्रत्येक छोट्या अभ्यासाला येते.

निकालात दिसलेला फरक हाच खरा फरक धरून काढलेली पॉवर नवीन काहीच सांगत नाही. ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते. पी-व्हॅल्यू नेमकी ०.०५ आली असेल तर अशी पॉवर ५० टक्क्यांच्या आसपासच येणार, मग नमुने सहा असोत की सहाशे. पी-व्हॅल्यू लहान तर पॉवर जास्त, मोठी तर कमी. होएनिग आणि हाइसी यांनी २००१ मध्येच हे स्पष्ट दाखवलं आहे. आमच्या २१२ जनुकांची अशी पॉवर काढली असती तर ती छान दिसली असती, कारण ती जनुकं पी-व्हॅल्यू लहान आहे म्हणूनच यादीत आहेत. रिव्ह्यूअरचं कदाचित समाधानही झालं असतं. पण ते उत्तर खरं नव्हतं.

मात्र "ही पद्धत चुकीची आहे" एवढं लिहून थांबलं तर ती पळवाट ठरते. रिव्ह्यूअरची मूळ शंका रास्त आहे: सहा दात्यांत तुम्हाला काय दिसू शकत होतं आणि काय दिसूच शकत नव्हतं? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, आणि तेही या प्रयोगाच्या निकालांना हात न लावता.

९ फेब्रुवारी

त्यासाठी चढउताराचा अंदाज बाहेरून हवा. गेल्या वर्षीच्या प्राथमिक प्रयोगात चार वेगळे दाते होते, त्याच पेशी, तेच औषध. तिथे प्रत्येक जनुकासाठी 'औषध वजा द्रावक' हा फरक दात्यागणिक किती बदलतो ते काढलं. लॉग-२ मापात त्याच्या प्रमाण विचलनाचं मध्यक ०.६ आलं. चारच दात्यांवरून काढलेला हा आकडा ढोबळ आहे, आणि मध्यक असल्यामुळे निम्मी जनुकं याहून जास्त हलणारी आहेत. दोन्ही गोष्टी उत्तरात लिहिल्या.

जोडीच्या रचनेसाठीचं साधं सूत्र असं:

```
n = (z_alpha + z_beta)^2 * s^2 / d^2
```

इथे `s` म्हणजे ते ०.६ आणि `d` म्हणजे पकडायचा फरक, लॉग-२ मध्ये. चाचणीची पातळी ०.०५ घेऊन चालत नाही. एफडीआरनंतर एकेका जनुकाला प्रत्यक्षात किती कडक उंबरठा लागतो तो घ्यायचा. मी ०.००१ धरला. मग `z_alpha` ३.२९, आणि ८० टक्के पॉवरसाठी `z_beta` ०.८४. बेरजेचा वर्ग सुमारे १७.१. सहा जोड्या घातल्या की पकडता येणारा फरक लॉग-२ मध्ये १.०१ येतो, म्हणजे दुप्पट.

थोडक्यात, सरासरी चढउताराच्या जनुकात खरा फरक दुप्पट असेल तर तो आम्हाला दर पाचांत चार वेळा दिसला असता. दीडपट असेल तर? तीच आकडेमोड उलटी केली की पॉवर जेमतेम १८ टक्के येते. दीडपट फरक ८० टक्के खात्रीने पकडायला १८ दाते लागले असते.

जोडीच्या रचनेचा फायदाही इथेच दिसतो. दात्यादात्यांमधला फरक प्राथमिक प्रयोगात ०.९ होता. औषधाला सहा आणि द्रावकाला वेगळे सहा असे बारा दाते घेतले असते, तर त्याच पॉवरने फक्त साडेचार पटीच्या आसपासचे फरक दिसले असते. "सहा नमुने" आणि "सहा जोड्या" यांत एवढं अंतर आहे. आमच्या मूळ हस्तलिखितात जोडीचा उल्लेख पद्धतीच्या भागात एका ओळीत उरकला होता, म्हणून रिव्ह्यूअरने साध्या दोन गटांचा हिशोब केला असावा. आता तो सारांशातही घातला.

१३ फेब्रुवारी

मागच्या नोंदीतलं सूत्र छोट्या नमुन्यात थोडं आशावादी असतं, कारण त्यात चढउतार अगदी नेमका माहीत आहे असं गृहीत असतं. सहा जोड्यांची साधी टी-चाचणी केली तर पाच मुक्तांश उरतात, आणि ०.००१ ला उंबरठा ३.२९ ऐवजी ६.८७ होतो. `DESeq2` इतकं मागे पडत नाही, कारण ते एका जनुकाचा चढउतार ठरवताना इतर हजारो जनुकांची माहिती उसनी घेतं. पण त्याने नेमकं किती भरून निघतं हे सूत्रातून कळत नाही. म्हणून प्राथमिक प्रयोगाच्या सरासरी आणि विखुरणीवरून खोटे मोजणी-तक्ते बनवले, काही जनुकांत दुप्पट फरक पेरला आणि पूर्ण विश्लेषण पुन्हा पुन्हा चालवलं. पहिली रात्र वाया गेली: दात्याचा परिणाम तक्त्यांत घालायचा राहिला होता, त्यामुळे आकडे खऱ्यापेक्षा फार चांगले दिसले. दुरुस्त केल्यावर दुप्पट फरकाची पॉवर ८० ऐवजी ७० टक्क्यांच्या जवळ आली. उत्तरात हाच आकडा दिला आणि सूत्र पुरवणीत टाकलं.

त्याचबरोबर उलटी तपासणीही केली: अस्तित्वातच नसलेले फरक यंत्रणा शोधत तर नाही ना? सहापैकी तीन दात्यांची लेबलं अदलाबदल करायची, औषधाला द्रावक म्हणायचं आणि द्रावकाला औषध. असं दहा वेगळ्या प्रकारे करता येतं. औषधाचा खरा परिणाम तीन-तीनमध्ये कटतो, त्यामुळे यादी रिकामी यायला हवी. बहुतेक वेळा शून्य जनुकं आली, सर्वांत जास्त तीन. या तपासणीलाही मर्यादा आहे. ज्या जनुकांवर औषध खरंच काम करतं, त्यांचा फरक अदलाबदलीत चढउतार बनून बसतो आणि चाचणी तेवढी सौम्य होते. त्यामुळे ढोबळ घोटाळा पकडायला ती चांगली, एफडीआर नेमका ५ टक्केच आहे हे सिद्ध करायला अपुरी. उत्तरात नेमकं एवढंच लिहिलं.

१६ फेब्रुवारी

बॉनफेरोनीचा मुद्दा. पहिला मसुदा मॅडमनी परत केला. त्यात "जनुकांच्या अभ्यासात सगळे एफडीआरच वापरतात" असं वाक्य होतं. सगळे करतात म्हणून बरोबर, हे उत्तर रिव्ह्यूअरला पटणारं नाही आणि पटूही नये.

दुसऱ्या मसुद्यात यादी कशासाठी आहे तिथून सुरुवात केली. बॉनफेरोनी ज्या चुकीपासून वाचवतं ती अशी: संपूर्ण यादीत एक जरी खोटं जनुक शिरलं तरी नुकसान. आमच्या यादीतून पुढच्या टप्प्यात तपासायची जनुकं निवडायची आहेत. तिथे २१२ मध्ये दहा-अकरा खोटी असली तर काम थोडं वाया जातं, निष्कर्ष कोसळत नाही. उलट बॉनफेरोनीचा उंबरठा ०.०५ भागिले १३,८४०, म्हणजे दहा लाखांत साडेतीनच्या जवळपास. त्या उंबरठ्यावर ८० टक्के पॉवरने दिसणारा फरक वरच्याच सूत्राने दुपटीवरून अडीच पटीवर जातो. दुप्पट ते अडीच पट यांच्यामधली बरीच जनुकं हातातून जातात. हा सौदा आकड्यांत मांडला आणि सोबत बॉनफेरोनीतही टिकणाऱ्या जनुकांना तक्त्यात वेगळी खूण केली. ज्याला कडक यादी हवी त्याने ती घ्यावी.

एफडीआर जे देत नाही तेही लिहिलं. ५ टक्के हे प्रयोग अनेकदा केल्यावरच्या सरासरीबद्दलचं विधान आहे, आमच्या याच यादीबद्दलची हमी नाही. जनुकं एकमेकांशी बांधलेली असतात, त्यामुळे एखाद्या यादीत खोट्यांचं प्रमाण सरासरीपेक्षा बरंच वर-खाली होऊ शकतं. कोणत्याही प्रकारच्या परस्परसंबंधात टिकणारी बेंजामिनी-येकुतिएली पद्धत आहे, पण १३,८४० चाचण्यांत ती उंबरठा सुमारे दहा पट कडक करते. ती यादीही पुरवणीत दिली.

आणखी एक बारीक गोष्ट. `DESeq2` आपोआप कमी वाचनांची जनुकं अशा ठिकाणी गाळतं की यादी जास्तीत जास्त लांब व्हावी. गाळणीत गटांकडे बघितलं जात नाही, म्हणून ते सहसा चालतं. पण रिव्ह्यूअरने "१३,८४० हा आकडा कसा ठरला?" असं विचारलेलं असताना निकाल बघून हलणारी सीमा ठेवणं मला नको होतं. आधीच ठरवलेली गाळणी, म्हणजे किमान सहा नमुन्यांत किमान १० वाचनं, हीच ठेवली आणि आपोआपची बंद केली:

```r
design(dds) <- ~ donor + group
dds <- DESeq(dds)
res24 <- results(dds, contrast = c("group", "t24", "c24"),
                 alpha = 0.05, independentFiltering = FALSE)
```

मूळ हस्तलिखितातही हेच होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. दुसरा रिव्ह्यूअर म्हणतो की ६ तास आणि २४ तास या दोन तुलना म्हणजे २७,६८० चाचण्या, त्यांची दुरुस्ती एकत्र करा, तेच जास्त कडक. मलाही आधी तसंच वाटलं आणि मान्य करून टाकायच्या बेतात होतो. करून बघितलं आणि चित्र वेगळंच निघालं.

एकत्र दुरुस्ती केल्यावर २४ तासांची यादी २१२ वरून १७८ वर आली. ही अपेक्षा होती. पण ६ तासांची यादी ९ वरून १७ झाली. "कडक" पद्धतीने यादी जवळजवळ दुप्पट कशी?

कारण बेंजामिनी-हॉखबर्गचा उंबरठा यादीत किती जनुकं निवडली जातात यावर ठरतो. ६ तासांची तुलना एकटी असताना नऊ जनुकांना उंबरठा ०.०५ × ९ ÷ १३,८४०, म्हणजे साधारण ०.००००३. एकत्र केल्यावर एकूण १९५ जनुकं, म्हणून ०.०५ × १९५ ÷ २७,६८०, म्हणजे ०.०००३५. २४ तासांच्या भरघोस यादीमुळे ६ तासांच्या तुलनेला दहा पटीहून जास्त सैल उंबरठा मिळाला. आता ६ तासांना बहुतेक जनुकांत काहीच घडत नसेल, तर १३,८४० गुणिले ०.०००३५, म्हणजे पाचच्या आसपास जनुकं निव्वळ योगायोगाने आत येतील. एकूण १९५ मध्ये दहा खोटी हे गणित ५ टक्क्यांतच बसतं, पण त्यातली पाच त्या सतरांत असतील. ६ तासांची यादी वेगळी वाचणाऱ्याला जवळजवळ तीस टक्के खोटी जनुकं मिळतील, आणि तक्त्यावर मात्र "एफडीआर ५ टक्के" असं लिहिलेलं असेल.

आमचा पेपर दोन्ही वेळांबद्दल स्वतंत्र विधानं करतो, आकृत्याही वेगळ्या आहेत. म्हणून प्रत्येक यादीचा एफडीआर वेगळाच सांभाळायला हवा. हे उत्तरात आकड्यांसकट लिहिलं. पेपरमध्ये "कोणत्याही एका वेळी बदललेली जनुकं" अशी एकच यादी असती तर रिव्ह्यूअरचं म्हणणं योग्य ठरलं असतं, हेही त्याच परिच्छेदात नोंदवलं. चाचण्यांचं कुटुंब कोणतं हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते पेपरमधल्या वाक्यांवरून ठरतं.

२३ फेब्रुवारी

दुसऱ्या रिव्ह्यूअरची आणखी एक सूचना: नमुना छोटा आहे तर विल्कॉक्सनची साइन्ड-रँक चाचणी घ्या. उत्तर छोटं आहे. सहा जोड्यांत चिन्हांच्या एकूण मांडण्या ६४. सहाही दात्यांत फरक एकाच दिशेला असला तरी दुहेरी पी-व्हॅल्यू २ भागिले ६४, म्हणजे ०.०३१ च्या खाली जाऊच शकत नाही. या किमतीवर ५ टक्के एफडीआर गाठायला १३,८४० पैकी किमान ८,६०० हून जास्त जनुकं एकाच वेळी त्या तळाला पोहोचायला हवीत. आमच्या माहितीत ही चाचणी काहीही शोधू शकत नाही, औषध कितीही प्रभावी असलं तरी. तेवढं चार ओळींत लिहिलं.

२० मार्च

मधले आठवडे पेशींच्या कामात गेले. पहिल्या रिव्ह्यूअरने नेमकं बोट ठेवलं होतं: आमचं क्यूपीसीआर त्याच सहा दात्यांच्या त्याच आरएनएवर होतं. त्यातून मोजमाप बरोबर आहे एवढंच कळतं. दुसऱ्या माणसाच्या पेशीत हेच घडेल का, याबद्दल ते काही सांगत नाही.

गोठवलेल्या साठ्यातून आठ नवीन दाते मिळाले. त्यांचं सिक्वेन्सिंग करून जुन्या सहात मिसळावं असा एक विचार होता. तो सोडला. निकाल बघून नमुने वाढवायचे आणि पुन्हा चाचणी करायची, यात ५ टक्क्यांचा अर्थ उरत नाही. शिवाय आठ दात्यांच्या लायब्ररींचा खर्च आमच्या उरलेल्या निधीत बसत नव्हता. नवीन दाते वेगळे ठेवून निवडक जनुकांची पडताळणी करणं स्वस्त होतं आणि पुरावा म्हणून जास्त भक्कमही.

जनुकं निवडताना पहिली बारा उचलली नाहीत. २४ तासांची यादी पी-व्हॅल्यूच्या क्रमाने तीन भागांत केली आणि प्रत्येक भागातून चार चिठ्ठ्या टाकून काढली, म्हणजे निकाल पूर्ण यादीबद्दल बोलेल. नावं आणि चाचणी आधी लिहून, तारीख घालून ठेवली. इथे फक्त बारा चाचण्या आहेत आणि प्रत्येक जनुकाबद्दल "खरं ठरलं" असं म्हणायचं आहे, म्हणून इथे होल्मची पद्धत लावली, जी बॉनफेरोनीइतकीच हमी देते. एकाच पेपरात दोन पद्धती का, याचं उत्तर यातच आहे.

वरच्या भागातली चारही टिकली, मधली तीन, खालची दोन. जी तीन टिकली नाहीत त्यांची दिशा मात्र पहिल्या प्रयोगासारखीच होती, त्यामुळे ती खोटी ठरली असं लिहिलेलं नाही. आणि जवळपास सगळ्यांचा फरक पहिल्या प्रयोगापेक्षा कमी आला. हे घडणारच होतं. आमच्या रचनेत ०.००१ चा उंबरठा ओलांडायला दिसणारा फरक किमान पावणेदोन पट लागतो. खरा फरक दीडपट असलेलं जनुक यादीत आलं, तर ते फुगलेल्या आकड्यानिशीच येणार. म्हणून मुख्य तक्त्यात आता `lfcShrink` ने आकसलेले अंदाज दिले आहेत, `type = "apeglm"` वापरून, आणि कच्चे पुरवणीत.

२६ मार्च

उत्तर पाठवायच्या आधी हस्तलिखित दाव्यांच्या नजरेने वाचलं. एक वाक्य काढावं लागलं, आणि ते चर्चेच्या भागातलं महत्त्वाचं वाक्य होतं: "६ तासांना प्रतिसाद मर्यादित असतो." पाया फक्त एवढाच की तिथे नऊ जनुकं मिळाली. पण त्या तुलनेतल्या ०.००००३ च्या उंबरठ्यावर दीडपट फरक दिसण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास आहे. सुरुवातीच्या तासांत शेकडो जनुकं दीडपट हलली असती तरी आम्हाला त्यांतली मोजकीच दिसली असती. नव्या मजकुरात लिहिलं: "६ तासांना नऊ जनुकांत बदल आढळला, दुपटीपेक्षा लहान बदलांबद्दल हा प्रयोग काही सांगू शकत नाही." सारांशातला "उशिरा येणारा प्रतिसाद" हा शब्दप्रयोगही गेला. सहकाऱ्याला हे जड गेलं, कारण पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव त्याच कल्पनेवर होता. प्रस्तावात आता ६ तासांसाठी १८ दाते मागितले आहेत.

उत्तरपत्र नऊ पानांचं झालं होतं, ते पाचवर आणलं. प्रत्येक मुद्द्याखाली आधी काय बदललं आणि कोणत्या ओळीत, मग कारण, मग आकडे.

१२ मे

दुसरी फेरी आली. पहिल्या रिव्ह्यूअरला नवीन दात्यांची पडताळणी पुरेशी वाटली. दुसऱ्याने वेगळ्या दुरुस्तीचं कारण मान्य केलं, पण दोन गोष्टी मागितल्या: प्रत्येक आकृतीखाली "सहा दाते, जोडीने" असं स्पष्ट लिहा, आणि एकत्र दुरुस्ती केलेली यादीही पुरवणीत द्या, म्हणजे वाचकाला तुलना करता येईल. दोन्ही केलं. त्या यादीच्या मथळ्यात ६ तासांच्या सतरा जनुकांत खोट्यांचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा बरंच जास्त असू शकतं, ही सूचना घातली आणि फाइल्स पाठवल्या.